तारखेचे भाडे

भाडेनियंत्रणाचा विषय निघाला की मराठी सुशिक्षित माणसाच्या तोंडी दोनच वाक्ये येतात. पहिले असे, की भाडेकरू पिढ्यान्‌पिढ्या फुकटात राहून मालकाला लुटतात. दुसरे असे, की मालक नावाचा प्राणी गरिबाला रस्त्यावर काढायला टपलेलाच असतो. दुसऱ्या वाक्यामागे आपल्या साहित्याचेही पाठबळ आहे. १९५८ साली 'बटाट्याची चाळ' आली तेव्हापासून चाळ म्हणजे माणुसकीचा गोतावळा, हे समीकरण आम्ही वर्गात शिकवत आलो आहोत. त्या गोतावळ्याच्या डोक्यावरचे छप्पर कोणाच्या पैशाने शाकारले जाते, हा प्रश्न मात्र कोणत्याही प्रश्नपत्रिकेत आलेला नाही. प्रस्तुत लेखात आम्ही तो विचारणार आहोत. आमचे म्हणणे असे की वरील दोन्ही वाक्ये आळसातून आलेली आहेत, आणि त्या आळसाची किंमत आज भलताच माणूस मोजतो आहे.

प्रथम वस्तुस्थिती. मुंबई इलाख्यात भाड्यावर पहिला अंकुश १९१८ साली, महायुद्धामुळे आला. दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर, १९३९ मध्ये, तो पुन्हा आला आणि त्यानंतर गेलाच नाही. १९४७ चा मुंबई भाडे नियंत्रण कायदा १३ फेब्रुवारी १९४८ पासून अमलात आला. त्याने जे 'प्रमाण भाडे' ठरवले त्याचा आधार होता १ सप्टेंबर १९४० या दिवशीचे भाडे. फाळणीनंतरचे निर्वासितांचे लोंढे, युद्धकालीन टंचाई आणि शहरांकडे लागलेली रीघ पाहता त्या वेळी तो निर्णय योग्यच होता. नाहीतर मालकाने मागितलेली कोणतीही रक्कम देण्यावाचून भाडेकरूला गत्यंतर नव्हते. तो कायदा होता तात्पुरता, ठराविक मुदतीचा. विधिमंडळ दर वेळी मुदत वाढवत गेले आणि हा तात्पुरता कायदा अर्धशतक जगला. १९४० चे भाडे मात्र, करांपोटी व इतर काही कारणांनी मिळणाऱ्या अनुज्ञेय वाढी सोडल्या, तर जागचे हलले नाही.

या गोठलेल्या भाड्याला सर्वोच्च न्यायालयात आव्हान मिळाले ते मालपे विश्वनाथ आचार्य विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात. १९ डिसेंबर १९९७ च्या निकालात न्यायालयाने असे मत दिले की एके काळी वाजवी असलेली तरतूद काळाच्या ओघात अवाजवी व मनमानी होऊ शकते, आणि प्रमाण भाड्याच्या तरतुदी तशा झालेल्या आहेत. तरीही न्यायालयाने त्या रद्द केल्या नाहीत, कारण चालू मुदत ३१ मार्च १९९८ रोजी संपणार होती आणि नवा कायदा येऊ घातला होता. पुढे आणखी मुदतवाढी झाल्या. अखेर महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून लागू झाला. न्यायालयाने दोष दाखवला, विधिमंडळाने कायदा बदलला, तर मग भाडे कमीच का राहिले? येथेच बारकाईने वाचावे लागते.

नव्या कायद्यातील प्रमाण भाड्याची व्याख्या अशी : जुन्या कायद्याखाली न्यायालयाने भाडे ठरवून दिले असेल तर ते भाडे, अधिक पाच टक्के. तसे ठरवलेले नसेल तर १ ऑक्टोबर १९८७ रोजी जे भाडे चालू होते ते, अधिक पाच टक्के. कायदा लागू झाल्यानंतर मालकाला दरवर्षी चार टक्के वाढ करता येते. वरवर पाहता हा सुवर्णमध्य वाटतो. पण १९८७ चे भाडे म्हणजे तरी काय? जुन्या जागेच्या बाबतीत ते बहुतेक १९४० चेच भाडे होते, कारण मधल्या काळात ते वाढवण्याची मुभाच नव्हती. म्हणजे तारीख बदलली, आकडा बदलला नाही.

एक काल्पनिक पण व्याख्येला धरून असलेले उदाहरण घेऊ. समजा, कायदा लागू असलेल्या एखाद्या जुन्या पेठेत, रेल्वे स्थानकाजवळच्या कौलारू वाड्यात एक खोली आहे आणि १९८७ साली तिचे भाडे दरमहा २० रुपये होते. पाच टक्के धरून प्रमाण भाडे झाले २१ रुपये. मालकाने एकही वर्ष न चुकता चार टक्के वाढ केली, तीही चक्रवाढीने, असे धरले तरी पंचवीस वाढींनंतर, म्हणजे २०२५ साली, ती खोली दरमहा सुमारे ५६ रुपयांना जाते. चार टक्क्यांनी रक्कम दुप्पट व्हायला सुमारे अठरा वर्षे लागतात. २१ ची दुप्पट ४२. तिने कोणाचे काय साधणार? टक्केवारी वाजवी आहे. ती लावली आहे गोठलेल्या पायावर. भाडे बाजारापेक्षा कमी राहण्याचे पहिले आणि मुख्य कारण हे इतके साधे आहे. यात भाडेकरूची लबाडी नाही आणि मालकाचे औदार्यही नाही.

दुसरे कारण असे की हे भाडे माणसाबरोबर संपत नाही. बाजारातली जागा रिकामी झाली की तिचे भाडे नव्याने ठरते. संरक्षित जागा रिकामी होत नाही. राहत्या जागेचा भाडेकरू वारला तर त्याच्याबरोबर राहणारा कुटुंबीय, तसा कोणी नसेल तर वारस, हा भाडेकरू ठरतो. दुकानाच्या बाबतीतही हीच रीत. भाडेकरू प्रमाण भाडे व अनुज्ञेय वाढी देत आहे किंवा द्यायला तयार आहे, तोवर मालकाला ताबा मागता येत नाही. भाडे थकले तरी आधी नव्वद दिवसांची लेखी नोटीस, मग दावा, आणि दाव्याचे समन्स मिळाल्यापासून नव्वद दिवसांत पंधरा टक्के साध्या व्याजासह थकबाकी भरली की निष्कासनाचा हुकूमनामा होत नाही. ५६ रुपयांच्या थकबाकीवरचे व्याज कोण भरणार नाही? उलट भाडे घ्यायलाच नकार देऊन थकबाकी दाखवायची, ही मालकांची जुनी युक्ती. आणि मनीऑर्डर करून 'घेण्यास नकार' असा शेरा मारलेली पावती जपून ठेवायची, हा भाडेकरूंचा त्यावरचा तितकाच जुना उतारा.

ताबा मिळण्याची कारणे कायद्यात आहेत : पोटभाडेकरू ठेवणे, परवानगीशिवाय पक्के बांधकाम करणे, मालकाची स्वतःची खरी गरज, सबळ कारणाविना सलग सहा महिने जागा न वापरणे. पण खऱ्या गरजेच्या दाव्यात न्यायालयाला दोन्ही बाजूंची हालअपेष्टा तोलून पाहावी लागते. न वापरण्याच्या दाव्यात तर पुरावा म्हणून विजेची देयके, शिधापत्रिका आणि मतदारयादी चाळावी लागते. मुले बदलापूरला किंवा पुण्याला स्थायिक झाली, खोलीला कुलूप लागले, पण महिन्याकाठी येऊन एक दिवस दिवा लावायचा आणि पावती चालू ठेवायची, ही रीत अनेकांच्या परिचयाची आहे. खालच्या न्यायालयातून जिल्हा न्यायालय, तेथून उच्च न्यायालय असा प्रवास होईतो वादी-प्रतिवादींची नावे बदलून वारसांची लागलेली असतात.

आता तिसरे कारण, ज्याविषयी दोन्ही बाजू सोयीस्कर मौन पाळतात. ते म्हणजे पागडी. जागेची खरी किंमत कायद्याने भाड्यातून हद्दपार केली. पण किंमत अशी नाहीशी होत नसते. ती मागच्या दाराने आली. नवा भाडेकरू जुन्याला रोख रक्कम देतो, मालक त्यातला एक हिस्सा घेऊन पावती नव्या माणसाच्या नावावर करून देतो, आणि भाडे तेच राहते. जुन्या कायद्याखाली हा गुन्हा होता, तरी तो उघडपणे चालत असे. १९९९ च्या कायद्याने तो वैध केला : भाडेहक्क सोडण्यासाठी वा हस्तांतरासाठी भाडेकरूला रक्कम घेता येते आणि संमती देण्यासाठी मालकालाही. या एका कलमाने पितळ उघडे पडले. ज्याचा हक्क बाजारभावाने विकता येतो, ज्याची वारसाहक्काने वाटणी होते, तो माणूस शब्दाच्या रूढ अर्थाने भाडेकरू राहिला आहे काय? ज्याला आपण भाडे म्हणतो ती एका निनावी अर्ध्या मालकीची नाममात्र पट्टी आहे. आम्ही भाषा शिकवतो, म्हणून आग्रहाने सांगतो की हा वाद निम्मा शब्दाचा आहे. 'भाडे' हा शब्द वापरला की ५६ रुपये हास्यास्पद वाटतात. 'पागडी देऊन घेतलेल्या हक्कावरची वार्षिक पट्टी' असे म्हटले की ते तितके हास्यास्पद वाटत नाहीत.

म्हणून मालकांच्या तक्रारीतला निम्मा भाग आम्हांला मान्य नाही. ज्याने पागडीतला हिस्सा घेतला, त्याला नंतर बाजारभाडे मिळत नाही म्हणून गळा काढण्याचा नैतिक अधिकार उरत नाही. ज्याने अलीकडे भाडेकरूंसह वाडा विकत घेतला, त्याने तो भाडेकरू आहेत म्हणूनच स्वस्तात घेतला. स्वस्ताई खिशात घालून भाडेकरूंना लुटारू म्हणणे हा शुद्ध कांगावा आहे. पण उरलेला निम्मा भाग खरा आहे. ज्या विधवेच्या वाट्याला आठ खोल्यांचा वाडा आला आणि जिने कोणाकडून पागडी घेतलेली नाही, तिला आठही खोल्यांचे मिळून वर्षाला ५,३७६ रुपये मिळतात. त्यातून तिने इमारत सुस्थितीत राखायची आहे, कारण कायद्याने ते कर्तव्य तिचे आहे.

कोकणच्या पावसात या कर्तव्याचा अर्थ काय होतो ते पाहा. कर्जत-खालापूरचा पट्टा सह्याद्रीच्या पायथ्याला, बोरघाटाच्या तोंडाशी आहे. येथे कौलारू छप्पर दर उन्हाळ्यात चाळावे लागते, फुटकी कौले बदलावी लागतात, रिपा आणि वासे वाळवीपासून जपावे लागतात. एक वर्ष चुकले तर पाणी भिंतीत उतरते, दोन-तीन वर्षे चुकले तर वाशाचे टोक कुजते, आणि मग दुरुस्ती कौलांची राहत नाही, आढ्याची होते. मालकाने दुरुस्ती केली नाही तर भाडेकरूने नोटीस देऊन स्वतः करावी व खर्च भाड्यातून वळता करावा, अशी तरतूद आहे. मात्र वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापेक्षा जास्त वळता करता येत नाही. आपल्या उदाहरणातल्या खोलीचे वर्षाचे भाडे ६७२ रुपये. चतुर्थांश १६८ रुपये. एवढ्यात आज सिमेंटचे एक पोतेही येत नाही. कलम शाबूत आहे, त्यातला अर्थ वाहून गेला आहे.

मुंबई शहरात निदान उपकरप्राप्त इमारतींसाठी दुरुस्ती मंडळ आहे. भाडेकरू उपकर भरतात, सरकार थोडी भर घालते, आणि ती व्यवस्था कितीही रडतखडत चालली तरी एक दार ठोठावता येते. ती मुंबई बेटापुरती आहे. कर्जतच्या वा खोपोलीच्या जुन्या वाड्याला असे दार नाही. तेथे नगरपरिषदेची धोकादायक इमारतीची नोटीस येते, ती भिंतीवर चिकटते, आणि पावसाळा संपला की विसरली जाते. मालक दुरुस्ती करत नाही, कारण इमारत पडली तर सुटलो असे त्याला वाटते. भाडेकरू करत नाही, कारण इमारत त्याची नाही. मालकाचा तो हिशेबही चुकीचा आहे : शहा रतनशी खिमजी विरुद्ध कुंभार सन्स हॉटेल या खटल्यात २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की इमारत पाडली गेल्याने भाडेहक्क आपोआप संपत नाही, कारण भाडेपट्ट्यात जमीनही अंतर्भूत असते. म्हणजे वाडा पडला तरी वाद उभाच राहतो. ढिगाऱ्याखाली जाते ते फक्त राहणारे माणूस.

येथवर आम्ही दोन पक्षांविषयी बोललो. आमचा खरा राग तिसऱ्यासाठी आहे, ज्याचे नाव या वादात कोणी घेत नाही. तो म्हणजे आजचा भाडेकरू : तासिका तत्त्वावर शिकवणारा तरुण, खोपोलीच्या कारखान्यातला कंत्राटी कामगार, उपनगरी गाडीचा शेवटचा थांबा म्हणून कर्जत परवडते असे समजून येथे आलेले नवे जोडपे. त्याला मिळतो तो अकरा महिन्यांचा 'अनुमती व परवाना' करार. जुन्या परवानाधारकांना एकदा दिलासा मिळाला होता : १ फेब्रुवारी १९७३ रोजी जे परवान्यावर जागेत होते, त्यांना कायद्याने भाडेकरू मानले. २ फेब्रुवारीला आलेल्याला ते भाग्य लाभले नाही. आजच्या परवानाधारकाची मुदत संपली की सक्षम प्राधिकाऱ्याकडून त्याला झटपट बाहेर काढता येते आणि मुदतीनंतर राहिल्याबद्दल दुप्पट आकारही लावता येतो. त्याला ना प्रमाण भाडे, ना चार टक्क्यांची मर्यादा, ना नव्वद दिवस. एकाच भिंतीच्या अलीकडे ५६ रुपये देणारा दुसऱ्या पिढीचा दुकानदार आणि पलीकडे बाजारभाव देणारा, दर अकरा महिन्यांनी ट्रंक उचलणारा शिक्षक. या दोघांत गरजू कोण, हे कायदा विचारतच नाही. तो फक्त विचारतो, तू कोणत्या तारखेला आलास? हा कायदा माणसाला संरक्षण देत नाही, तारखेला देतो.

यावर ठरलेले उत्तर असे, की संरक्षण काढले तर लाखो गरीब रस्त्यावर येतील. संरक्षण काढा असे आम्ही म्हणतच नाही. ते कोणाला द्यायचे ते ठरवा, असे म्हणतो. आणि हे अशक्य नाही, हे याच कायद्याने दाखवून दिले आहे. २००० सालापासून बँका, सार्वजनिक उपक्रम, बहुराष्ट्रीय कंपन्या आणि एक कोटी रुपये वा त्याहून अधिक भरणा झालेल्या भागभांडवलाच्या कंपन्या या संरक्षणातून वगळल्या आहेत. म्हणजे ऐपत पाहून संरक्षण द्यावे, हे तत्त्व विधिमंडळाने स्वीकारले आहे. कंपनीचा खिसा तपासता येतो, मग पेठेतल्या तीन गाळ्यांच्या व्यापाऱ्याचा का तपासता येऊ नये? उत्तर उघड आहे : कंपनीला मत नसते, व्यापाऱ्याच्या संघटनेला असते. केंद्राचा २०२१ चा आदर्श भाडेकरू कायदाही या गाठीला हात लावत नाही. तो पुढच्या करारांपुरता आहे, जुने भाडेकरू त्याच्या कक्षेबाहेर आहेत.

आमची मागणी थोडक्यात अशी. दुरुस्तीचा खर्च भाड्यातून वेगळा काढावा आणि प्रत्यक्ष देयकानुसार मालक व भाडेकरू यांनी तो वाटून घ्यावा. पागडीत ज्याचा जितका हिस्सा, दुरुस्तीतही तितका, हे सूत्र कोणालाही समजेल असे आहे. व्यापारी जागांचे मूळ भाडे एकदा, टप्प्याटप्प्याने, आजच्या पायावर आणावे. राहत्या जागेत तेथे खरोखर राहणाऱ्या म्हाताऱ्या व अल्प उत्पन्नाच्या माणसांना तहहयात जुन्याच भाड्याने राहू द्यावे, पण कुलूपबंद खोलीचा वारसा एका पिढीवर थांबवावा. आणि या सगळ्याच्या बदल्यात आजच्या परवानाधारकालाही किमान मुदतीची व वाढीच्या मर्यादेची हमी द्यावी. यात प्रत्येक पक्षाला काही सोडावे लागते, म्हणून कोणताच पक्ष हे मागणार नाही याची आम्हांला कल्पना आहे.

म्हणूनच ते ज्यांचा यात गाळा नाही त्यांनी मागायला हवे. साहित्याच्या अभ्यासकांनी तरी चाळीच्या गोतावळ्यावर निबंध लिहिताना पावतीवरची रक्कम, तिची तारीख आणि शेजारच्या खोलीतला अकरा महिन्यांचा करार ही तीन कागदपत्रे एकत्र वाचावीत. मराठीत आतापर्यंत पहिल्या दोघांच्या बाजूने आणि विरोधात पुष्कळ लिहून झाले आहे. तिसऱ्या कागदावर सही करणाऱ्याला अजून आपला लेखक मिळालेला नाही.